प्रथम वर्षाच्या ५८ मुलांवर लाल खूण: डॅशबोर्डची यादी वाचायची कशी?

पांझराकाठ (धागाकर्ता)

धुळे जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात बी.एस्सी. प्रथम वर्षाचं काम माझ्याकडे आहे. या वर्षी आमच्या मूडल या ऑनलाइन अभ्यासाच्या प्रणालीला एका कंपनीचा डॅशबोर्ड जोडलाय. सहाव्या आठवड्याच्या शेवटी तो प्रत्येक विद्यार्थ्याला लाल, पिवळा किंवा हिरवा रंग देतो. रंग ठरवायला तो लॉगिन, पानं किती उघडली, व्हिडिओ किती मिनिटं पाहिला, असाइनमेंट, बारावीचे टक्के आणि तालुका एवढ्या गोष्टी घेतो.

पहिल्या सत्राचा निकाल लागल्यामुळे आता ताळा करता येतो. एकूण मुलं २४०. त्यातली ४८ जण नापास झाली किंवा मध्येच सोडून गेली. डॅशबोर्डनं लाल केलेली ५८. या ५८ पैकी २९ खरंच अडकली, बाकीची २९ पास झाली. जी लाल नव्हती अशा १८२ पैकी १९ अडकली.

कंपनी म्हणते अचूकता ८० टक्के. गुणाकार-भागाकार करून पाहिला, आकडा बरोबर येतो. आता पुढच्या वर्षी ही यादी सगळ्या प्राध्यापकांना द्यायची आणि लाल मुलांच्या पालकांना एसएमएस पाठवायचा, असा प्रस्ताव आहे. मला तो पटत नाहीये, पण बैठकीत नुसतं "पटत नाही" म्हणून चालणार नाही. ८० टक्के म्हणजे चांगलं की वाईट? आणि यादी कुणाला द्यावी? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

---

लॉगवाचक

सर, ८० टक्क्यांवर आधी बोलू, कारण बैठकीत तोच आकडा पुढे येणार.

डॅशबोर्ड बंद करा आणि सगळ्या २४० मुलांना हिरवं म्हणा. ४८ जणांच्या बाबतीत चुकाल, १९२ जणांच्या बाबतीत बरोबर याल. १९२ भागिले २४० म्हणजे ८० टक्केच. कंपनीच्या पद्धतीत २९ लाल बरोबर आणि १६३ बिनलाल बरोबर, बेरीज पुन्हा १९२. म्हणजे डॅशबोर्ड ठेवला काय नि काढला काय, हा आकडा हलत नाही. बहुतेक मुलं पास होत असतात तिथे एकूण अचूकता नेहमीच भारदस्त दिसते, म्हणून ती विचारूच नये.

विचारायचे दोनच प्रश्न. लाल म्हटलेल्यांपैकी खरंच किती अडकले? ५८ पैकी २९, म्हणजे निम्मे. आणि जे अडकले त्यांच्यापैकी किती जण आधी दिसले? ४८ पैकी २९, म्हणजे साधारण ६० टक्के. याचा अर्थ डॅशबोर्ड निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. आंधळेपणानं २४० मधून कुणालाही उचललं तर पाचात एक अडकलेला सापडतो, इथे दोनात एक सापडतो. ही माहिती उपयोगाची आहे. पण "हा मुलगा धोक्यात आहे" असं वाक्य पालकांना पाठवण्याइतकी ती पक्की नाही. दर दोन एसएमएसमागे एक खोटा जाईल.

सर, एक करता येईल का? याच आकड्यांची धुळे शहरातली मुलं आणि बाहेरगावची किंवा वसतिगृहातली मुलं अशी फोड करून टाका. पास झालेल्यांत लाल किती आणि अडकलेल्यांत लाल किती, दोन्ही वेगळं हवं. खरी गोष्ट त्यात कळेल.

---

केळीबाग

नमस्कार मंडळी. मी रावेरकडचा, शिक्षक नाही, पालक आहे. मनी पोर जळगावले शिकस. तिच्या कॉलेजातून मागच्या महिन्यात मेसेज आला की आपला पाल्य शैक्षणिक जोखमीच्या गटात आहे. एवढंच. विषय कोणता, काय करायचं, काही नाही. ही लाल खूण गुणपत्रिकेवर छापून येते का? शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना अडचण होईल का? घरी सगळे घाबरलेत. तिची आजी म्हणते की पोरीला परत बोलावून घ्या.

---

पांझराकाठ

केळीबाग भाऊ, घाबरू नका. हा रंग कॉलेजच्या आतल्या वापरासाठी असतो. गुणपत्रिका विद्यापीठाची, तिच्यावर तो येत नाही. शिष्यवृत्तीचे नियमही वेगळे आहेत, त्यात उपस्थिती आणि निकाल बघतात, डॅशबोर्डचा रंग नाही. मुलीला तिच्या मेंटॉर शिक्षकांकडे जाऊन एकच विचारायला सांगा: "माझं नेमकं काय राहिलंय?" असाइनमेंट राहिली असेल तर ते लगेच सांगतील. मुलगी अभ्यास करतेय असं दिसत असेल तर निव्वळ या मेसेजवरून काही ठरवू नका.

---

खान्देशी_कोडर

धाग्यातला मुख्य घोटाळा मला दिसतो तो तालुका. तो कॉलम रंग ठरवणाऱ्या मॉडेलमध्ये असेल तर धडगाव-अक्कलकुव्याची मुलं आपोआप लाल होणारच. तो काढून टाका. जात, उत्पन्न, तालुका असे सगळे कॉलम काढले की भेदभाव संपला. उरतं ते फक्त वर्तन, आणि वर्तनाला जात-गाव नसतं. एका दिवसाचं काम आहे.

---

पांझराकाठ

फोड करून आणली.

शहरातली मुलं: पास झालेली १२०, त्यात लाल ९. अडकलेली २६, त्यात लाल १४.

बाहेरगावची आणि वसतिगृहातली: पास झालेली ७२, त्यात लाल २०. अडकलेली २२, त्यात लाल १५.

कोडर भाऊंच्या सूचनेप्रमाणे कंपनीकडून तालुका काढूनही यादी करून घेतली. ५८ पैकी ५४ नावं तीच आली.

---

लॉगवाचक

ही फोड बैठकीत फळ्यावर लिहा. शहरातल्या पास होणाऱ्या मुलांपैकी साडेसात टक्क्यांवर चुकीची लाल खूण पडली. बाहेरगावच्या पास होणाऱ्यांपैकी जवळजवळ २८ टक्क्यांवर पडली. उलट बाजूनं बघा: शहरातल्या २३ लाल मुलांपैकी १४ खरंच अडकली, बाहेरगावच्या ३५ पैकी १५. रंग एकच, पण शहरात त्याचा अर्थ "बहुधा खरं" आणि बाहेरगावी "बहुधा खोटं". प्राध्यापकाला पडद्यावर दोन्ही सारखेच लाल दिसतात.

आता कोडर भाऊ, तुमचं अर्ध बरोबर आहे. तालुका ठेवायला नकोच होता, त्यावर विद्यार्थी काही करू शकत नाही. पण तो काढून ५४ नावं का टिकली? कारण गाव बाकीच्या कॉलममध्ये शिरलेलं असतं. व्हिडिओची मिनिटं म्हणजे नेटवर्क. दिवसभरातली लॉगिन म्हणजे स्वतःचा फोन आहे की भावंडांत एक आहे. वर्तन म्हणून जे मोजलं जातं त्यात परिस्थिती मिसळलेली असते.

आणखी एक. तालुका मॉडेलमधून काढा, पण तपासणीसाठी बाजूला जपून ठेवा. तोच पुसला तर वरची फोड करताच आली नसती आणि २८ टक्के कुणाला दिसलेच नसते. अमेरिकेत २०२१ साली 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेनं हेच दाखवलं होतं. काही विद्यापीठं वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये वंश हा भाकिताचा घटक होता, आणि काही ठिकाणी कृष्णवर्णीय मुलांवर जास्त जोखमीचा शिक्का गोऱ्या मुलांच्या चौपटीपर्यंत पडत होता. गटवार फोड केली म्हणूनच ते उजेडात आलं.

सर, आता त्या २० चुकीच्या लाल मुलांचे लॉग, म्हणजे मूडलवरच्या हालचालींच्या नोंदी, उघडून बघा. तीन गोष्टी शोधा. एक, प्रवेशाची तारीख. शेवटच्या फेरीत किंवा जात पडताळणीचे कागद येईपर्यंत थांबून प्रवेश घेतलेल्या मुलाचं लॉगिन चौथ्या आठवड्यात सुरू होतं, डॅशबोर्ड मात्र पहिल्या आठवड्यापासून मोजून त्याला तीन आठवडे शून्य देतो. दोन, फाइल एकानं उतरवून व्हॉट्सॲपवर टाकली की बाकी दहा जण ती वाचतात आणि लॉगमध्ये एकच नाव उमटतं. तीन, क्लिकची संख्या. ज्याचं नेट अडकतं तो एकच पान पाच वेळा उघडतो, आणि ज्याला सवय आहे तो एकदाच उतरवून घेतो. म्हणून क्लिक मोजू नका, किती वेगवेगळ्या दिवशी आला ते मोजा. मूडलचा डेटाबेस हाताशी असेल तर एवढं पुरेल:

```sql
SELECT userid,
       COUNT(DISTINCT DATE(FROM_UNIXTIME(timecreated))) AS days_active,
       SUM(origin = 'ws') AS app_hits,
       COUNT(*) AS all_hits
FROM mdl_logstore_standard_log
WHERE courseid = 42
  AND timecreated >= UNIX_TIMESTAMP('2025-08-01')
  AND timecreated <  UNIX_TIMESTAMP('2025-09-12')
GROUP BY userid;
```

`origin` मध्ये `ws` म्हणजे मोबाइल ॲपवरून आलेली नोंद, `web` म्हणजे ब्राउझर. ४२ च्या जागी तुमच्या कोर्सचा क्रमांक आणि तुमच्या सत्राच्या तारखा घाला.

---

तोरणमाळ

लॉगवाचक, क्वेरीत एक खड्डा आहे. जो मुलगा एकदाही आलाच नाही त्याची लॉगमध्ये ओळच नसते, त्यामुळे तो या उत्तरात येणार नाही. सगळ्यात आधी ज्याच्याकडे बघायला हवं तोच यादीतून गळेल. नावनोंदणीच्या तक्त्यापासून सुरुवात करून लॉग त्याला LEFT JOIN करा, लॉगच्या अटी WHERE मधून ON मध्ये न्या आणि COUNT(*) ऐवजी लॉगचा id मोजा, म्हणजे शून्यवालेही दिसतील. शिवाय `cli` आणि `restore` या नोंदी वगळा, त्या माणसाच्या नसतात.

दुसरं, डॅशबोर्डच्या पोटात मूडलचंच तयार मॉडेल वापरलंय का ते कंपनीला विचारा. ३.४ या आवृत्तीपासून मूडलमध्ये "गळतीच्या धोक्यातले विद्यार्थी" असं मॉडेल येतं. ते बंद अवस्थेत येतं आणि आपल्याच जुन्या कोर्सांवर शिकवावं लागतं. त्यात "गळाला" कुणाला म्हणायचं, तर कोर्सच्या शेवटच्या चौथाईत ज्याची काहीच हालचाल नाही त्याला. आता आपल्याकडचं पहिलं सत्र बघा. शेवटची चौथाई दिवाळीच्या आसपास येते. नोट्स आधीच उतरवलेल्या असतात, असाइनमेंट संपलेल्या असतात, मुलं गावी असतात, कापूस वेचणीला घरचे सगळे शेतात असतात. मूडल उघडायचं कारणच उरत नाही. तो मुलगा परीक्षेला येतो, पास होतो, आणि मॉडेल मात्र त्याला गळालेला समजून त्याच्यासारखे आणखी शोधायला शिकतं. इथे चूक भाकिताची नाही, कशाचं भाकीत करायचं तेच चुकीचं ठरवलंय.

तेच कोर्सच्या तारखांचं. गेल्या वर्षीचा कोर्स तसाच रीसेट करून वापरला, शेवटची तारीख टाकलीच नाही, तर चौथाई कुठून मोजणार? मॉडेल शिकवायच्या आधी दोन-तीन वर्षांचे पूर्ण झालेले कोर्स, सुरुवात-शेवट तारखांसकट, न पुसता ठेवलेले हवेत. बहुतेक ठिकाणी ते नसतातच.

---

पांझराकाठ

तोरणमाळ मॅडम, तपासलं. मॉडेल कंपनीचं स्वतःचं आहे, पण "गळाला"ची व्याख्या जवळपास तीच आहे. आणि लॉगवाचक, त्या २० पैकी ८ जण चौथ्या आठवड्यात किंवा नंतर दाखल झालेले. आणखी ७ जणांचे दिवस कमी, पण दोन्ही असाइनमेंट वेळेत. उरलेल्या पाचांचं काही कळत नाही.

मग एक साधा नियम लावून पाहिला: सहाव्या आठवड्यापर्यंत दोन्ही असाइनमेंट न आलेले. क्लिक, व्हिडिओ, बारावी, तालुका, सगळं बाजूला. ३४ नावं आली. त्यातली २३ अडकलेली. शहरातली १६, पैकी ११ अडकलेली. बाहेरगावची १८, पैकी १२.

---

लॉगवाचक

बघा काय झालं. निम्म्याऐवजी तिघांत दोन बरोबर, आणि शहर-बाहेरगाव दोन्हीकडे जवळपास तेच प्रमाण. एका ओळीचा नियम कंपनीच्या मॉडेलपेक्षा जास्त प्रामाणिक निघाला. पण फुकट काही मिळत नाही. आता ४८ पैकी २३च सापडतात, आधी २९ सापडत होते. शिवाय पास होणाऱ्यांवर चुकीची खूण पडण्याचं प्रमाण शहरात ४ टक्के आणि बाहेरगावी ८ टक्के आहे, म्हणजे अंतर कमी झालं, संपलं नाही. आणि हे एका वर्षाचे आकडे आहेत. पाच-सहा मुलं इकडची तिकडे झाली की टक्के बदलतात, तेव्हा पुढच्या सत्रात हाच हिशोब पुन्हा करा.

निसटलेल्या २५ साठी दुसरी खूण लागेल. असाइनमेंट देतात पण नापास होतात अशी मुलं पहिल्या घटक चाचणीत दिसतात. ते गुण अजून कागदावरच असतील तर आधी ते मूडलमध्ये चढवा.

---

अभ्यासिका

मेंटॉर म्हणून काम करणाऱ्यांच्या बाजूनं लिहिते. त्या निसटलेल्या मुलांचा एक प्रकार असा असतो की डॅशबोर्डवर ती सगळ्यात हिरवी दिसतात. एकच व्हिडिओ चार वेळा पाहिलेला, तीच सराव चाचणी सहा वेळा दिलेली, गुण तेच. क्लिक भरपूर, म्हणून हिरवं. खरं तर मूल तिथेच अडलेलं असतं. आमच्या भागात हे बहुतेक पहिल्यांदा इंग्रजीतून विज्ञान शिकणाऱ्या मुलांचं होतं. घरी अहिराणी किंवा पावरी, बारावीपर्यंत मराठीतून, आणि एकदम सगळ्या संज्ञा इंग्रजीत. त्यामुळे "प्रयत्न वाढतोय, गुण हलत नाहीत" ही जोडी शोधा. नुसत्या प्रयत्नाचा कॉलम फसवतो.

फोन करताना काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवावं लागतं. "तू लाल यादीत आहेस" हे वाक्य कधीच नाही. रंगाचा उल्लेखच नको. "रसायनाची दुसरी असाइनमेंट आलेली दिसत नाही, काय अडचण झाली?" एवढंच. मूल उत्तर देतं: फोन बिघडला, घरी लग्न होतं, प्रश्नच कळला नाही. त्या उत्तराची नोंद करायची आणि त्यावरून पुढचं ठरवायचं. फोन बिघडला तर संगणक कक्षाची वेळ, प्रश्न कळला नाही तर त्या विषयाच्या सरांकडे अर्धा तास. कारण न विचारता सगळ्यांना एकच "मार्गदर्शन व्याख्यान" लावलं की पुढच्या वेळी ती मुलं फोन उचलत नाहीत.

आणि यादी किती मोठी असावी हे मॉडेलनं नाही, माणसांनी ठरवावं. सहा मेंटॉर असतील आणि एकेकाला आठवड्यात नीट पाच मुलांशी बोलता येत असेल, तर यादी ३० नावांची. ५८ जणांची यादी दिली की कुणाशीच नीट बोलणं होत नाही, फक्त रंग लक्षात राहतो.

---

तृतीय_वर्ष

मी विद्यार्थी आहे. आम्हाला आमचा रंग दिसतो. लाल दिसला की मुलं काय करतात सांगतो. वर्गात बसल्या बसल्या व्हिडिओ म्यूट करून चालू ठेवतात, सगळी पानं ओळीनं उघडून बंद करतात, दोन दिवसांत पिवळं होतं. एक जण सगळ्यांचे पासवर्ड घेऊन रात्री लॉगिन करून देतो. अभ्यास होत नाही, पण रंग बदलतो. पुढच्या वर्षी मॉडेल याच क्लिकवरून शिकणार ना?

आणि दुसरं, सर लोकांना लाल माहीत असतं हे आम्हाला कळतं. प्रॅक्टिकलच्या बॅच पाडताना कुणाला कुणाबरोबर टाकलंय ते बघून पूर्ण वर्ग ओळखतो.

---

लॉगवाचक

शेवटचा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे, त्यावर जरा सविस्तर लिहितो.

यादी सगळ्या प्राध्यापकांना दिली की ती अंतर्गत गुण देणाऱ्याच्याही हातात जाते. त्याच्या मनात वाईट काही नसलं तरी काठावरच्या मुलाचं जर्नल तपासताना रंग आठवतो. दोन गुण इकडचे तिकडे होतात. ते गुण निकालात मिसळतात, आणि पुढच्या वर्षी मॉडेल त्याच निकालावरून शिकतं. मग लाल मुलं जास्त अडकलेली दिसतात आणि कंपनी म्हणते, बघा आमचं भाकीत सुधारलं. प्रत्यक्षात खूणच निकाल घडवत असते. हे घडतंय का ते ओळखायची एक वाट आहे: लाल आणि बिनलाल मुलांचे अंतर्गत गुण आणि विद्यापीठाच्या लेखी परीक्षेचे गुण शेजारी ठेवा. लेखीत दोघं सारखे असूनही अंतर्गत गुणांत लाल मुलं सातत्यानं मागे असतील तर शंका घ्यायला जागा आहे.

म्हणून यादी फक्त मेंटॉरला आणि तीसुद्धा त्याच्या वाट्याच्या पाच मुलांपुरती. मूडलमध्ये हे भूमिकांच्या परवानग्यांतून होतं. मूडलचं स्वतःचं विश्लेषण वापरत असाल तर `moodle/analytics:listinsights` ही परवानगी शिक्षकाच्या भूमिकेतून काढा. कंपनीच्या डॅशबोर्डला एक्सेल उतरवायचं बटण असेल तर तेही बंद करायला सांगा, कारण फाइल एकदा स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली की परवानग्यांना काही अर्थ उरत नाही. आणि खुणेला मुदत हवी. दोन आठवड्यांत बोलणं झालं की ती पुसली जावी आणि दुसऱ्या सत्रात पहिल्या सत्राचा रंग कुणालाही दिसू नये.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीनं २०१४ सालीच याबद्दल लेखी धोरण केलं. त्यात एक तत्त्व असं आहे की आपल्याला दिसणारी आकडेवारी किंवा आपण तिचा लावलेला अर्थ म्हणजे संपूर्ण विद्यार्थी नव्हे. तुमच्या प्रस्तावात एक कलम म्हणून ते घालता येईल.

---

खान्देशी_कोडर

तालुक्याचं समजलं, आभार. पण एक शंका. परदेशात अशा लाल-पिवळ्या-हिरव्या दिव्यांनी गळती खूप कमी झाली असं कंपन्या सादरीकरणात दाखवतात. मग आपणच का घाबरायचं?

---

लॉगवाचक

तो दाखला बहुतेक पर्ड्यू विद्यापीठाच्या 'कोर्स सिग्नल्स'चा असतो. २००७ च्या सुमारास सुरू झालेली, विद्यार्थ्याच्या पानावर वाहतूक सिग्नलसारखा रंग दाखवणारी पद्धत. २०१२ मध्ये असं मांडलं गेलं की ज्यांनी सिग्नल असलेले दोन किंवा जास्त कोर्स केले ते कॉलेजात टिकण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. २०१३ मध्ये शिक्षण-तंत्रज्ञानाचे अभ्यासक मायकल कॉलफील्ड यांनी एक साधा प्रश्न विचारला: जास्त कोर्स केले म्हणून टिकले, की टिकले म्हणून जास्त कोर्स करता आले? पहिल्याच सत्रात सोडून गेलेल्याला दुसरा सिग्नलवाला कोर्स घ्यायची संधीच नव्हती. त्याच क्षेत्रातल्या आल्फ्रेड एसा यांनी मग संगणकावर काल्पनिक मुलांचा हिशोब मांडून दाखवलं की सिग्नलच्या जागी मुलांना चॉकलेट वाटलं तरी हिशोबात तसाच फायदा दिसतो.

तुमच्याकडे कुणी "एसएमएसनंतर मुलं सुधारली" म्हणालं तर हेच विचारा. लाल मुलांपैकी २९ एसएमएस न पाठवताही पास झालीच होती. एसएमएस पाठवले असते तर ती २९ एसएमएसच्या खात्यात जमा झाली असती.

---

तोरणमाळ

यादी मदतीसाठीच वापरली जाईल असं गृहीत धरू नका, हेही बैठकीत सांगा. अमेरिकेतल्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठाचं २०१६ चं प्रकरण प्रसिद्ध आहे. नव्या मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. टिकणाऱ्यांची टक्केवारी चांगली दिसावी म्हणून त्यातून कच्ची वाटणारी मुलं मोजणीच्या तारखेआधीच बाहेर काढायचा अध्यक्षांचा बेत होता. विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्रानं ते छापलं आणि अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे एवढं उघड होणार नाही. पण निकालाची टक्केवारी मूल्यांकनासाठी दाखवायची असते तेव्हा "तुला विज्ञान झेपत नाही, कला शाखेला जा" हे लाल यादी समोर ठेवून सांगणं फार सोपं होतं. यादीचा वापर कशासाठी करायचा नाही हेही लिहून घ्या: शाखा बदल, बॅच, वसतिगृह, परीक्षा फॉर्म.

एका गोष्टीवर मात्र माझा लॉगवाचकांशी मतभेद आहे. मेंटॉर आणि गुण देणारा वेगळा ठेवा हे मोठ्या कॉलेजात जमेल. धडगावसारख्या ठिकाणी एका विषयाला दोनच शिक्षक असतात, तेच शिकवतात, तेच तपासतात, तेच मेंटॉर. तिथे काय करायचं?

---

लॉगवाचक

माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. दुसऱ्या विभागाच्या शिक्षकाला मेंटॉर करता येतं, पण भौतिकशास्त्राच्या मुलाला इतिहासाचे सर विषयाची मदत करू शकत नाहीत, फक्त अडचण विचारू शकतात. तेवढंही पुष्कळ आहे असं मला वाटतं.

---

अभ्यासिका

मला तसं वाटत नाही. छोट्या कॉलेजात शिक्षक मुलाला नावानिशी ओळखतो, दिवसाआड बघतो. तिथे रंगीत डॅशबोर्ड लावूच नये. असाइनमेंट आली-नाही आली एवढी हजेरीसारखी वही पुरते.

विद्यार्थ्याला त्याचा रंग दाखवावा का, हा प्रश्नही उरतोच. लपवावा असं मी म्हणणार नाही, त्याच्याबद्दलची माहिती त्याची आहे. पण रंग न दाखवता "दोनपैकी एक असाइनमेंट बाकी, शेवटची तारीख अमुक" असं दाखवता येतं. त्यात म्यूट व्हिडिओ चालवून काही बदलत नाही.

---

केळीबाग

मुलगी मेंटॉर मॅडमना भेटून आली. गणिताची एक असाइनमेंट चुकीच्या फोल्डरमध्ये चढली होती, बाकी सगळं ठीक. हेच मेसेजमध्ये लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

---

पांझराकाठ

हे उदाहरण, अर्थात नाव न घेता, मी प्रस्तावात जोडतो. चुकीच्या फोल्डरचं आमच्याकडेही तपासायला हवं, सध्या डॅशबोर्ड ते "दिली नाही" असंच मोजतो. पालकांना एसएमएस जायचा असेल तर मेंटॉरचं मुलाशी बोलणं झाल्यावरच, आणि त्यात विषय, काय राहिलं, कुणाला भेटायचं या तीन गोष्टी असाव्यात, असं मांडणार आहे. प्राचार्य मान्य करतील की नाही सांगता येत नाही.

एक शेवटचं विचारतो. दोन्ही असाइनमेंटचा नियम लावायचा तर सहाव्या आठवड्यापर्यंत थांबावं लागतं. तोवर उशीर होत नाही का?

---

तोरणमाळ

होतो. पहिली असाइनमेंट तिसऱ्या आठवड्यात ठेवा, छोटी, एका पानाची, हातानं लिहून फोटो काढून चढवता येईल अशी. गुण नकोत, फक्त आली की नाही. जी येणार नाही तिथे लगेच विचारता येतं, आणि लॉगिन कुणाला मिळालंच नाही हेही त्याच आठवड्यात कळतं. उशिरा प्रवेश घेतलेल्यांसाठी तारीख प्रवेशापासून तीन आठवडे धरा. मूडलमध्ये असाइनमेंटच्या ओव्हरराइडमधून प्रत्येकाला वेगळी तारीख देता येते, ती न दिल्यास यादीत पुन्हा तीच आठ नावं येतील.